तीन घाण्यांचं मीठ: एका जाहिरातीची झाडाझडती

विनोदी जाहिरातीतून बायका-पुरुषांबद्दलचा ठरीव साचा काढायचा म्हटलं की लिहिणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हसू जाईल, ही भीती. ती खोटी नाही, कारण ते हसू पुष्कळदा त्या साच्यावरच उभं असतं. साचा काढला आणि त्याच्या जागी काहीच ठेवलं नाही, तर जाहिरात खरोखर पडते. मी मराठी जाहिरातींची कॉपी तपासते. मागे एका दिवाळीच्या आधी कोल्हापूर जिल्ह्यातल्या भाजणी-मसाले बनवणाऱ्या एका घरगुती उद्योगाचं काम केलं, त्यात हे सगळं इतकं स्वच्छ दिसलं की सविस्तर लिहावंसं वाटलं.

उत्पादन होतं चकलीची भाजणी. मोहीम लहानशी: रेडिओसाठी तीस सेकंदांचा स्पॉट, एसटी स्टँडाजवळ दोन होर्डिंग, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायच्या सहा पोस्ट आणि पाकिटात टाकायचं स्पर्धेचं कूपन. कॉपी एका तरुण मुलानं लिहिली होती आणि चांगली लिहिली होती. बोली त्याच्या कानात होती. स्पॉट असा:

सासू: काय गं, मोडल्या ना चकल्या? तरी सांगत होते, तुझ्यानं नाही व्हायचं.
सून: आई, एक खाऊन तर बघा.
(कुर्रर्र)
सासू: अगं बाई! आता खरी सून शोभतेस!
निवेदक: अमुक भाजणी. सासूबाईंकडून पैकीच्या पैकी!

हा स्पॉट ऐकून मलाही हसू आलं. ‘अगं बाई’वरचा हेल आणि त्याआधीचा कुर्रर्र आवाज यांचा ताल अगदी जमला होता. म्हणून तपासताना मी आधी दोष शोधत नाही. आधी विचारते, की हसू नेमकं कुठून येतंय? कागद घेऊन चार गोष्टी लिहून काढते: काम कोण करतंय, निकाल कोण देतंय, कुणावर हसायचं आहे, आणि कुणाचं काय पणाला लागलंय. इथे काम सुनेचं, निकाल सासूचा, हसायचं सुनेच्या धास्तीवर. आणि पणाला काय लागलंय? चकली नव्हे, सुनेची लायकी. चकली कुरकुरीत झाली नसती तर ती ‘खरी सून’ ठरली नसती. स्पॉटमधला सगळा ताण तिथे आहे, आणि तो सुटतो म्हणून आपण हसतो.

हे लिहून काढल्यावर गाडी योग्य जागी थांबते. सुनेनं चकल्या करणं हा दोष नाही, सासू फटकळ असणं हाही नाही. भारतातल्या जाहिरात उद्योगाची स्वनियमन संस्था म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, १९८५ सालची. तिनं जून २०२२ मध्ये हानिकारक लिंगभाव-साच्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. बाई घर झाडताना किंवा पुरुष ऑफिसला जाताना दाखवायला त्यात हरकत नाही. हे काम नेहमी त्यांचंच, दुसऱ्या कुणाचं नाही, असं सुचवायला हरकत आहे. साच्यात न बसणाऱ्याची खिल्ली उडवायलाही हरकत आहे. आणि आमच्या कामाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, विनोद किंवा थट्टा केली म्हणून मूळची हानी सहसा पुसली जात नाही, असं ती तत्त्वं सांगतात. ‘गंमत होती हो’ हा बचाव तिथे चालत नाही.

तेव्हा माझा शेरा एकाच ओळीवर होता: ‘आता खरी सून शोभतेस’, आणि तिच्यामागून येणारे पैकीच्या पैकी मार्क. कॉपीरायटर म्हणाला, “मॅडम, तीच तर पंचलाइन आहे.” त्याचं बरोबर होतं. ओळ बदलून भागणार नव्हतं, कारण अख्खा स्पॉट त्या ओळीकडे चालत गेला होता.

त्यानं दोन दिवसांत नवा मसुदा आणला. त्यात मुलगा म्हणतो, “आई, आजपासून फराळ आपण सगळे मिळून करायचा!” सून म्हणते, “खरंच, घर सगळ्यांचं असतं ना!” आणि सासू म्हणते, “शहाणी गं माझी लेकरं!” उद्योगाचे मालक हे ऐकून म्हणाले, “ताई, ही शासनाची जाहिरात वाटतीया. भाजणी कुठं गेली ह्यात?” मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. साच्याची दुरुस्ती करायला निघालेल्या कॉपीचं हे नेहमीचं दुखणं आहे. ताण काढून टाकला जातो आणि त्या जागी उपदेश येऊन बसतो. चांगली माणसं एकमेकांशी चांगलं बोलतात, कुणाला काही हवं नसतं, कुणाचं काही अडत नाही. अशा प्रसंगात विनोद रुजत नाही, आणि चकलीही विकली जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे: उत्पादनाचं नाव काढून कुठलंही दुसरं नाव घाला, पंखा, विमा, साबण. जाहिरात तशीच चालली तर तिच्यात आता काही उरलेलं नाही.

मग तिसरा मसुदा आला आणि खोलीत हशा पिकला. बायको माहेरी, नवरा चकल्या करायला घेतो. सोऱ्या उलटा धरतो, पीठ चष्म्यावर उडतं, चकली तेलात विरघळते, फोनवरून बायको म्हणते, “तुम्ही बाहेर व्हा हो, मी येते!” कॉपीरायटरला वाटलं, आता तरी कुणी बाईवर हसत नाहीये.

इथे मी अडले, आणि जरा वेळ घेऊन अडले. साचा तपासायला पुष्कळ जण उलटापालट करून पाहतात: बाईच्या जागी पुरुष ठेवा, वाक्य कसं वाटतं बघा. पहिल्या चाचणीला हे उत्तम आहे. ‘आता खरा जावई शोभतोस’ असं म्हणून पाहिलं की लगेच कळतं, जावयाला असली परीक्षा कुणी देऊ करत नाही. पण उलटापालट करून जे हाती येतं ते आपोआप निर्दोष होत नाही. बावळट नवऱ्याचा विनोद वरवर पुरुषाची थट्टा करतो, आणि शेवटी चिमटा-झारा बाईच्याच हातात परत देतो. ‘त्याला जमणारच नाही, मी येते.’ म्हणजे माहेरी गेलेली बाईसुद्धा सुटत नाही. इंग्लंडमध्ये जून २०१९ पासून असे साचे दाखवण्याविरुद्ध नियम लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिलाडेल्फिया चीजच्या जाहिरातीवर पहिल्या काही बंदींपैकी एक आली. तिच्यात दोन बाप खाण्याच्या नादात आपली तान्ही बाळं हॉटेलातल्या सरकत्या पट्ट्यावर विसरतात. नेहमीच्या दोन आया दाखवायच्या नव्हत्या म्हणून बाप घेतले, असं कंपनीचं म्हणणं होतं. हेतू बरा होता, पण जाहिरात सांगत होती की बापाला मूल सांभाळता येत नाही. आपल्या २०२२ च्या तत्त्वांतही अशीच उदाहरणं आहेत: केवळ पुरुष म्हणून लंगोट बदलता येत नाही, केवळ बाई म्हणून गाडी लावता येत नाही, असं दाखवू नये.

‘केवळ पुरुष म्हणून’ हे शब्द महत्त्वाचे. पुरुषाची चकली बिघडू शकते. चकली कुणाचीही बिघडते. मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळते, कमी पडलं तर कडक होते, पीठ घट्ट झालं तर सोऱ्यातून पडतानाच तुकडे पडतात. बिघडण्याचं कारण मोहन असेल तर विनोद चकलीचा झाला. कारण ‘नवरा’ असेल तर तो साचा झाला. तिसऱ्या मसुद्यात मोहनाचा उल्लेखच नव्हता.

तोवर बैठकीत मालकांच्या आई एका बाजूला बसून ऐकत होत्या. भाजणीची रीत त्यांची. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे, जिरे, प्रत्येक वेगवेगळं भाजायचं, एकत्र टाकून भाजायचं नाही, यावर त्या आजही कारखान्यात उभ्या राहतात. सगळे त्यांना काकूच म्हणतात. मी त्यांना विचारलं, “काकू, चकल्या करताना घरात भांडण कशावरून व्हायचं?” त्या लगेच म्हणाल्या, “भांडण कशाचं? डबा भरायचाच नाही. आमचे हे बाजूला पाट टाकून बसायचे आणि मीठ बघायचे. जन्मभर मीठच बघितलं बिचाऱ्यांनी.”

कॉपीरायटर मान वर करून बघायला लागला. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते त्यानंच ओळखलं, मला सांगावं लागलं नाही. चौथा मसुदा त्यानं तिथेच बसून लिहिला:

सासू: सोऱ्या कोण फिरवतंय?
मुलगा: मी.
सासू: आणि तळतंय कोण?
सून: मी, आई.
सासू: मग डबा अजून रिकामा कसा?
सासरे: (तोंड भरलेलं) मी जरा... मीठ बघत होतो.
सासू: तीन घाण्यांचं?
(कुर्रर्र)
सासू: ...थांबा. मलाही बघू दे मीठ.
निवेदक: अमुक भाजणी. चकली डब्यापर्यंत पोचली, तर कळवा!

तेच चार प्रश्न पुन्हा घातले. काम दोघं करतायत आणि त्यावर कुणी काही बोलत नाही, हे मला फार आवडलं. मुलगा सोऱ्या फिरवतो ही बातमी नाही, त्याला शाबासकी नाही. घरात जसं चालतं तसं चाललंय. निकाल अजूनही सासूचाच, तिचा फटकळपणा शाबूत. मालकांना तो आवाज हवाच होता आणि माझीही त्याला ना नव्हती. हसायचं कुणावर? सासऱ्यांच्या खादाडपणावर, आणि शेवटी सासूच्याही. खादाडपणा बाईचा किंवा पुरुषाचा नसतो. पणाला काय लागलंय? डबा. सुनेची लायकी आता गोष्टीतच नाही. इथे उलटापालट करून पाहिली, मीठ बघणारी आजी आणि दटावणारे आजोबा, तरी विनोद तेवढाच उभा राहिला. आणि भाजणीच्या जागी पंखा घालून पाहिला तेव्हा स्पॉट कोसळला.

एक अडचण शेवटच्या ओळीची आली. आधी तिथे ‘डबा भरेल याची हमी नाही’ असं होतं. मालक म्हणाले, दुकानदार म्हणेल पाकिटात माल कमी भरतोय. विक्रीच्या बाजूनं आलेला हा आक्षेप रास्त होता, म्हणून ओळ बदलली. नव्या ओळीत प्रश्न मालाचा राहत नाही, खाणाऱ्यांचा होतो.

पहिला आणि चौथा असे दोन्ही स्पॉट आम्ही साध्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतले आणि पॅकिंगला बसणाऱ्या बायकांना ऐकवले. पहिला मसुदा ऐकूनही त्या हसल्या. याचा विसर पडू देऊ नये. साच्याचा विनोद लोकांना हसवतो, म्हणून तर तो टिकलाय, आणि त्यामुळे नुसतं हसू मोजून काहीच कळत नाही. मी हसून झाल्यावर काय बोलणं होतं ते ऐकते. पहिल्या स्पॉटनंतर एक जण शेजारणीला हळू म्हणाली, “आमच्यात अजून हेच ऐकून घ्यावं लागतंय.” चौथ्यानंतर गलका झाला. कुणाचा दीर, कुणाची धाकटी मुलगी, कुणी स्वतःच, प्रत्येकीच्या घरात एक मीठ बघणारं निघालं. जाहिरात त्यांनी आपल्या घरात नेली, ती अशी.

स्पॉट झाला, पण शब्दांचं काम राहिलं होतं. सहाच्या सहा पोस्ट ‘सुगरणींनो’ या हाकेनं सुरू होत होत्या. त्या जागी ‘ग्राहकांनो’ लिहिलं की पोस्ट बँकेच्या सूचनेसारखी होते, आणि ‘सुगरणींनो आणि बल्लवांनो’ लिहिलं की पहिल्याच ओळीत वाचणाऱ्याला दम लागतो. मराठीत यावर एक झकास वाट आहे. माणसाला त्याच्या सवयीनं हाक मारायची. ‘दोनच खाईन म्हणणाऱ्यांनो, आम्ही ओळखतो तुम्हाला.’ म्हणणाऱ्यांनो, खाणाऱ्यांनो, लपवून ठेवणाऱ्यांनो, या हाकेत बाई-पुरुष सगळे येतात आणि हाक मारतानाच चिमटाही निघतो. ही ओळ इतकी जमली की होर्डिंगवरची ‘बायको माहेरी? घाबरू नका!’ काढून तिथेही हीच लावली.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. मराठीत वर्तमानकाळात ‘मी’ म्हटलं की पुढे ‘करते’ किंवा ‘करतो’ यातलं एक निवडावंच लागतं. पोस्टमध्ये होतं, ‘संध्याकाळी मी भाजणी भिजवते, सोऱ्या भरते, कढई चढवते.’ प्रत्येक वेळी तीच बाई, त्याच ओट्याशी. ‘करते/करतो’ असं तिरकी रेघ मारून लिहिणं मला अजिबात मान्य नाही. ते तोंडानं म्हणता येत नाही, आणि जे म्हणता येत नाही ते जाहिरातीत चालत नाही. पण भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माच्या मागून जातं: ‘भाजणी भिजवली, सोऱ्या भरला, कढई चढवली.’ बोलणारं कोण ते उघड होत नाही आणि वाक्याला वेगही येतो. सगळीकडे हे साधत नाही. ‘आले-आलो’, ‘बसले-बसलो’ यात सुटका नाही. तिथे सरळ निवड करायची: सहापैकी काही पोस्ट बाईच्या तोंडी, काही पुरुषाच्या, एक आजोबांच्या. साचा एका पोस्टमध्ये दिसतच नाही, सगळी मोहीम शेजारी-शेजारी मांडली की दिसतो. याच कारणानं ‘आईच्या हातची चव’ ही पोस्ट मी राहू दिली. कॉपीरायटर ती काढायला निघाला होता. आईच्या हातची आठवण असणं यात कुणाचा अपमान नाही. सहाही पोस्टमध्ये आईच तळत राहिली असती तर मात्र मी हटून बसले असते.

आणि मग कूपन. ते मी शेवटी पाहिलं, कारण त्यात विनोद नव्हता आणि त्यामुळे कुणाचं लक्षही नव्हतं. पाककृती स्पर्धेचा छोटा कागद, वर ‘फक्त गृहिणींसाठी’ आणि नावाच्या रेघेआधी छापलेलं ‘सौ.’. पहिल्यापासून असंच छापत आलो, असं मालक म्हणाले. मी कागद काकूंपुढे सरकवला आणि म्हटलं, तुम्ही भरून बघा. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाल्या, “मग मी कुठं लिहू?” यजमान जाऊन त्यांना पुष्कळ वर्षं झालीत. ज्यांची भाजणी, त्यांनाच स्पर्धेत जागा नव्हती. लग्न न झालेल्या मुलीला नव्हती, एकट्या राहणाऱ्या पुरुषाला नव्हती, नोकरी करणाऱ्या बाईनं ‘फक्त गृहिणी’ वाचून कागद बाजूला टाकला असता. याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची चर्चा राज्यभर झाली होती. बैठकीतल्या सगळ्यांना तो ठराव आठवत होता. तरी कूपनावरचं ‘सौ.’ कुणाला दिसलं नव्हतं. वगळणारा शब्द असा फॉर्मवर, अटींत, बारीक टायपात बसलेला असतो. स्पॉटवर सगळे वाद घालतात, फॉर्म कुणी वाचत नाही.

‘सौ.’ काढलं, नुसतं ‘नाव’ ठेवलं. ‘फक्त गृहिणींसाठी’च्या जागी ‘चकली करणाऱ्या कुणासाठीही’ आलं. मालकांना वाटत होतं की बायका नाराज होतील, त्यांची हक्काची स्पर्धा गेली म्हणतील. काकूंनीच तो प्रश्न मिटवला: “पहिल्या नंबराला येणार त्या येणारच की. भाऊबंद आले म्हणून चकली बिघडत नाही.”

पाकीट मात्र त्या दिवाळीला तसंच राहिलं. त्यावर नथ घातलेली, पदर खोचलेली बाई आहे आणि खाली ‘गृहिणींची पहिली पसंती’. चित्रावर माझा आक्षेप नव्हता, ओळीवर होता. पण पाकिटाचा छापील रोल आधीच येऊन पडला होता, आणि मजकूर बदलायचा तर छपाईचे सिलिंडर नव्यानं करावे लागतात, एकेका रंगाचा वेगळा. त्या खर्चाला लहान उद्योग मधेच तयार होत नाही, आणि मीही तसा आग्रह धरला नाही. पुढच्या रोलसाठी ओळ ठरवून, मालकांची सही घेऊन छपाईवाल्याकडे पाठवली: ‘पहिला घाणा चाखायला, दुसरा डब्याला.’ काकूंनी ती वाचून एक दुरुस्ती सुचवली. दुसरा घाणासुद्धा डब्यात जात नाही, तिसरा लिहा, असं त्या म्हणाल्या. तसं केलं.